बायोडाट्यात हॉटेलचं नाव शेवटी वाचा

पत्र: आमचं महापे एमआयडीसीजवळ ९२ खोल्यांचं बिझनेस हॉटेल आहे. मी एचआरमध्ये आहे, पण हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले नाही. फ्रंट ऑफिस असोसिएटच्या एका जागेसाठी दोन बायोडाटे उरलेत. एक मुलगा, मुंबईतल्या ४५० खोल्यांच्या पंचतारांकित हॉटेलात तीन वर्षं. दुसरी मुलगी, पनवेलजवळ हायवेवरच्या ४४ खोल्यांच्या हॉटेलात सव्वादोन वर्षं. आमचे फ्रंट ऑफिस मॅनेजर म्हणतात, 'पंचतारांकितवाला घ्या, स्टँडर्ड आपोआप येईल.' जाहिरातीत आम्ही 'तीन मिनिटांत चेक-इन, कंपनी बिलिंग, नाइट ऑडिट, तिन्ही शिफ्ट' असं लिहिलंय. रात्री काउंटरवर एकच माणूस असतो. बायोडाट्यावरून नेमकं काय ओळखायचं?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे: रात्री काउंटरवर एकच माणूस असतो. जाहिरातीत ते आलेलं नाही, आणि बायोडाटे वाचताना सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. म्हणून आधी बायोडाटे बाजूला ठेवा आणि तुमच्या काउंटरवर दिवसभरात काय घडतं ते कागदावर मांडा. मॅनेजरकडून पीएमएसमधला, म्हणजे हॉटेलच्या बुकिंग-बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधला, गेल्या तीन महिन्यांचा अहवाल मागा आणि त्यातून तीनच गोष्टी काढा: आठवड्याच्या मधल्या दिवशी किती खोल्या भरतात, पाहुणा सरासरी किती रात्री राहतो, आणि येण्याजाण्याची गर्दी कोणत्या तासांत होते.

अंदाजासाठी धरू, की मंगळवार-बुधवारी तुमच्या ८० टक्के खोल्या भरतात आणि पाहुणा दोन रात्री राहतो. म्हणजे ९२ पैकी ७४ खोल्या भरलेल्या, आणि रोज साधारण ३७ चेक-इन, ३७ चेकआउट. सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री एक असे पाच जण काउंटरवर असतील, तर माणशी सातेक चेक-इन येतात. तुमचे आकडे वेगळे निघतील, ते घाला. हिशोब मात्र असाच करा.

आता हाच हिशोब दोन्ही बायोडाट्यांना लावा. ४५० खोल्यांच्या हॉटेलात ७० टक्के खोल्या भरल्या आणि पाहुणा दोन रात्री राहिला, तर रोज १५८ च्या आसपास चेक-इन होतात. आकडा दडपून टाकणारा आहे, पण तिथे तिन्ही शिफ्ट मिळून रिसेप्शनवर बारा माणसं असतील तर माणशी तेराच येतात. हायवेवरच्या ४४ खोल्यांत ८५ टक्के भरतात असं धरा. तिथे लोक एकच रात्र थांबतात आणि सकाळी पुण्याच्या किंवा गोव्याच्या वाटेला लागतात. म्हणजे ३७ खोल्या आणि ३७ चेक-इन, तुमच्याइतकेच. एका शिफ्टला एकच माणूस असेल तर माणशी बारा. दोन्ही उमेदवारांच्या हातून रोज जवळपास सारखेच पाहुणे जातात. बायोडाट्यातलं '४५० खोल्यांचं हॉटेल सांभाळलं' हे वाक्य या भागाकारानंतर पुन्हा वाचा. खोल्यांची संख्या हॉटेलची असते, उमेदवाराच्या वाट्याचं काम तिच्यातून कळत नाही. शिफ्टला किती जण होते हे बायोडाट्यात बहुधा नसतंच. ते फोनवर विचारून समासात लिहून ठेवा.

काम किती हे कळलं, आता कामाचा प्रकार. मोठ्या पंचतारांकित हॉटेलात फ्रंट ऑफिसची कामं वाटून दिलेली असतात. फोन टेलिफोन ऑपरेटर घेतो, सामान बेल डेस्क हलवतं, गाडी काँसिअर्ज किंवा ट्रॅव्हल डेस्क बघतं. बुकिंगमधल्या चुका रिझर्व्हेशन खातं सुधारतं, आणि नाइट ऑडिट, म्हणजे रात्री त्या दिवसाचा हिशोब तपासून बंद करणं, पुष्कळ ठिकाणी वेगळा ऑडिटर करतो, जो कित्येकदा अकाउंट्सचा माणूस असतो. तिथला रिसेप्शनिस्ट एक काम फार नीट करतो आणि बाकीच्यांसाठी शेजारी कोणीतरी उभं असतं. तुमच्याकडे पहाटे चार वाजता ही सगळी खाती मिळून तो एकच माणूस असेल. म्हणून पहिल्या बायोडाट्यात 'काय केलं' यापेक्षा 'काय लिहिलेलं नाही' ते शोधा. त्यात चेक-इन, चेकआउट, अपसेलिंग, तक्रारी हाताळणं आणि ऑपेरा या हॉटेल सॉफ्टवेअरचं ज्ञान एवढंच असेल आणि नाइट शिफ्ट, ऑडिट, कॅशियर क्लोजिंग, कंपनी बिलिंग यांतला एकही शब्द नसेल, तर ही कामं त्याच्याकडे नव्हती असं तूर्त धरून चला. ज्याने रात्री ऑडिट केलेलं असतं तो ते लिहायला सहसा विसरत नाही.

त्याची तीन वर्षं तारखा लावून मोजा. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत काही महिन्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं. ते किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस अशा चार खात्यांत वाटलेलं असल्याने काउंटरच्या वाट्याला चार-सहा आठवडेच येतात. पुष्कळ मुलं ट्रेनिंग आणि पुढची नोकरी एकाच हॉटेलच्या नावाखाली सलग लिहितात. समजा, ३६ महिन्यांत ६ महिने ट्रेनिंगचे निघाले आणि पुढचे ८ महिने गेस्ट रिलेशन्सचे, म्हणजे लॉबीत स्वागत करण्याचे आणि अभिप्राय घेण्याचे, तर रिसेप्शनवरचे उरतात २२ महिने. मुलीची सव्वादोन वर्षं म्हणजे २७ महिने. ती एवढा काळ काउंटरवरच असेल, तर अनुभव तिचा जास्त आहे. यात मुलगा खोटं बोलला असं मुळीच समजू नका. बायोडाटा लिहायची पद्धतच तशी पडून गेली आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाची तारीख आणि नोकरीच्या सुरुवातीची तारीख शेजारी ठेवली की गोष्ट उलगडते.

आता 'तीन मिनिटांत चेक-इन' या तुमच्या स्टँडर्डकडे वळू, कारण मॅनेजर ज्याला 'स्टँडर्ड आपोआप येईल' म्हणतात ते हेच. बिझनेस हॉटेलात तीन मिनिटं साधतात ती दुपारी केलेल्या तयारीमुळे. दुपारच्या शिफ्टला येणाऱ्यांची यादी काढायची, प्रत्येकाला खोली लावून ठेवायची, हाउसकीपिंगकडून ती तयार असल्याची खात्री करायची, रजिस्ट्रेशन कार्ड आधीच भरून ठेवायचं आणि कंपनीच्या पत्रातलं बिलिंग सिस्टीममध्ये तसंच पडलंय का ते बघायचं. एवढं झालं असेल तर पाहुण्यासमोर ओळखपत्र, सही आणि चावी एवढंच उरतं. लक्झरी हॉटेलचं स्टँडर्ड वेगळ्याच घडणीचं असतं. तिथे पाहुण्याला बसवतात, पेय देतात, बोलत बोलत खोलीपर्यंत सोडायला जातात. त्या घडणीत दहा मिनिटं लागणं ही चूक धरत नाहीत. पण संध्याकाळी सात वाजता ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून सहा जण एकदम तुमच्या काउंटरवर आले, की तीच सवय रांग लावते. दोन्ही स्टँडर्ड चांगली आहेत, पण एकाचं आपोआप दुसरं होत नाही. म्हणून त्याच्या बायोडाट्यात 'लक्झरी स्टँडर्डची ओळख' असं वाचलंत तर विचारा: 'येणाऱ्यांची यादी दुपारी कोण तयार करायचं?' उत्तर 'रिझर्व्हेशन' किंवा 'गेस्ट रिलेशन्स' आलं, तर ते शिकवावं लागेल एवढी नोंद करा.

तुमच्यासारख्या हॉटेलात सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो कंपनी बिलिंगमध्ये, म्हणून इथे थोडं थांबतो. पाहुणा एक आणि बिलं दोन असतात. खोली आणि नाश्ता कंपनीच्या बिलात, लाँड्री आणि रात्रीचं जेवण पाहुण्याच्या बिलात. दर कंपनीशी ठरलेला असतो आणि तो सिस्टीममध्ये चुकला तर चूक एका रात्रीत फुगते. उदाहरण बघा. कंपनीचा करारातला दर ६,८०० रुपये आहे आणि बुकिंग चुकून ८,००० ने उघडलं गेलं. सप्टेंबर २०२५ मधल्या बदलानंतर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के. म्हणजे दराबरोबर कराचा टप्पाही चुकला. बरोबर बिल दोन रात्रींचं १४,२८० रुपये व्हायला हवं, ते १८,८८० होतं. पाहुणा पहाटे साडेपाचला विमानतळाकडे निघून जातो, कंपनी बिल परत पाठवते आणि वसुली लांबते. शिवाय तुमचं हॉटेल ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत असेल, म्हणजे उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल २४ तासांतच रद्द करता येतं. त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. ही चूक रात्री ऑडिट करणाऱ्याने दरांची यादी करारांशी ताडून पाहिली तर पाच मिनिटांत सापडते. म्हणूनच जाहिरातीतले 'नाइट ऑडिट' हे दोन शब्द बाकी सगळ्यांपेक्षा जड आहेत.

हायवेवरच्या हॉटेलात कंपनी बिलिंग नसेल, असं तुमच्या मॅनेजरांचं म्हणणं असेल, आणि ते बहुधा खरंही आहे. पण तिच्या बायोडाट्यात 'ओटीए बुकिंग', म्हणजे ट्रॅव्हल वेबसाइटवरून आलेलं बुकिंग, असा शब्द आहे का पाहा. ऑनलाइन बुकिंगमध्ये पाहुण्याने खोलीचे पैसे वेबसाइटला आधीच भरलेले असतील, तर काउंटरवर खोलीचं भाडं वेबसाइटच्या नावाने वेगळं ठेवावं लागतं, पाहुण्याकडून फक्त जेवण आणि बाकीचं घ्यायचं असतं, आणि हॉटेलला वेबसाइटकडून मिळणारा दर त्याच्या कागदावर दिसू द्यायचा नसतो. हे कंपनी बिलिंगचंच भावंड आहे. ज्या मुलीला हे नीट जमतं तिला 'खोली कंपनीला, बाकी पाहुण्याला' हे समजायला वेळ लागत नाही. तिला नवं असेल ते कंपनीचा जीएसटी क्रमांक बिल बंद करण्याआधी टाकणं आणि कंपनीचं पत्र वाचणं.

सॉफ्टवेअरच्या नावावरून मात्र कोणालाही बाद करू नका. एकाने ऑपेरा लिहिलंय, दुसरीने आयडीएस किंवा आणखी काही, तर फरक पडद्याचा आहे. रोजच्या कामाची बटणं आठ-पंधरा दिवसांत हाताला बसतात. एकट्याने रात्र काढण्याची सवय तेवढ्या दिवसांत बसत नाही.

मग परीक्षा कशी घ्यायची? दोघांनाही बोलवा आणि मुलाखतीआधी वीस मिनिटांचं काम द्या. एका कागदावर कंपनीचं पत्र: 'खोली आणि नाश्ता कंपनी देईल, बाकी पाहुणा.' खाली नोंदी: दोन रात्रींचं पाहुण्याच्या नाश्त्यासकट भाडं ६,८०० प्रमाणे, त्यावरचा कर, रात्रीचं जेवण १,२०० रुपये, लाँड्री ४५० रुपये आणि एक जादा नाश्ता ६०० रुपये, जो पाहुण्याच्या भेटीला आलेल्या सहकाऱ्याने केला. सांगा, दोन बिलं करा. जेवण, लाँड्री आणि नाश्त्याच्या रकमा कर धरूनच आहेत हे कागदावर लिहा, नाहीतर ते त्यातच अडकतील. कंपनीचं बिल १४,२८० रुपये झालं पाहिजे, आणि जेवण व लाँड्री मिळून १,६५० रुपये पाहुण्याकडे. खरी मेख जादा नाश्त्यात आहे. पत्रातला नाश्ता पाहुण्याचा आहे, सहकाऱ्याचा नाही. जो हा नाश्ता गुपचूप कंपनीच्या बिलात टाकेल त्याने पत्र नीट वाचलं नाही. जो पाहुण्याच्या बिलात टाकेल आणि 'चेकआउटआधी पाहुण्याला सांगून ठेवेन' असं म्हणेल त्याला काउंटर कळतो. कारण निघायच्या घाईत अचानक ६०० रुपये दिसले की वाद तिथेच होतो.

दुसरा प्रश्न तोंडी विचारा: 'पाहुण्याचं बुकिंग कालचं होतं, तो रात्री अडीचला आला. काय कराल?' तयार उत्तर सांगणाऱ्यापेक्षा उलट प्रश्न विचारणारा उमेदवार इथे चांगला. ऑडिट होऊन गेलंय का? बुकिंग गॅरंटीड होतं का, म्हणजे पाहुणा आला नाही तरी पैसे मिळणार होते का? ऑडिट झालं असेल तर सिस्टीमची तारीख पुढे सरकलेली असते आणि न आलेलं बुकिंग नो-शो म्हणून बंद झालेलं असतं. ते पुन्हा उघडावं लागतं आणि कालच्या रात्रीचं भाडं वेगळं लावावं लागतं. नाहीतर पाहुणा एक रात्र फुकट राहतो, किंवा नो-शोचे आणि खोलीचे असे दोनदा पैसे लागतात. ज्यांनी हे काम केलंय ते पुढचंही सांगतात: उशिरा येणाऱ्या गॅरंटीड बुकिंगची यादी ऑडिटआधीच काढून ठेवायची, आणि ऑडिट चालू असताना सिस्टीम अडकते म्हणून रिकाम्या खोल्यांची आणि राहत्या पाहुण्यांची यादी आधी छापून घ्यायची. ही छापील यादी ज्याच्या बोलण्यात न विचारता आली, त्याने ऑडिट केलेलं आहे असं धरायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न परदेशी पाहुण्याचा. तुमच्याकडे कंपन्यांमुळे परदेशी इंजिनीअर येत असणार. त्यांची माहिती, जिला अजूनही सगळे सी-फॉर्म म्हणतात, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. विचारा, 'पासपोर्टवरून काय काय टिपून घ्याल?' पासपोर्ट क्रमांकावर थांबणारा उमेदवार अपुरा. व्हिसाचा क्रमांक, भारतात उतरल्याची तारीख, कुठून आला आणि पुढे कुठे जाणार, इथपर्यंत जायला हवं. या प्रश्नात पंचतारांकितचा मुलगा बहुधा पुढे असेल, कारण तिथे परदेशी पाहुणे रोजचे. मॅनेजरांच्या बाजूने ही खरी जमेची गोष्ट आहे. इंग्रजीतली तक्रार शांतपणे ऐकणं आणि चिडलेल्या पाहुण्याला ईमेल लिहिणं यातही तो सरस निघू शकतो. हे गुण खोटे नाहीत, फक्त जाहिरातीतल्या चार गोष्टींत ते कुठे बसतात ते बघून गुण द्या.

आता निवड. निव्वळ कागदावर बघता आमचा कल मुलीकडे आहे. तुमच्या चार अटींपैकी तिन्ही शिफ्ट आणि जाहिरातीत न आलेलं एकट्याने काम या अवघड गोष्टी तिच्या रोजच्या असण्याची शक्यता जास्त आहे, आणि जे कमी आहे, म्हणजे कंपनी बिलिंग, परदेशी पाहुण्याची नोंद आणि तुमचं सॉफ्टवेअर, ते तीन-चार आठवड्यांत दिवसाच्या शिफ्टमध्ये शिकवता येतं. मुलाचं उलटं आहे. त्याला जे येतं ते सुंदर येतं, पण जे येत नसण्याची शक्यता आहे ते नेमकं रात्री अकरा ते सात या वेळेतलं आहे. मात्र अडीचच्या प्रश्नाला त्याने बरोबर उलट प्रश्न विचारले आणि छापील यादीचा उल्लेख केला, तर हा कल सोडा आणि त्याला घ्या. आणि तिच्या हॉटेलात रात्रीचा हिशोब मालकच बघत असतील, ती फक्त चावी देत असेल, तर तिची आघाडी संपली. लहान हॉटेलात असं पुष्कळदा असतं, म्हणून 'दिवस कोण बंद करायचं?' हा प्रश्न तिला विचारायलाच हवा.

मुलीच्या रात्रपाळीवरून कोणी नाक मुरडलं, तर नियम सांगा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम देता येतं. त्यासाठी तिची संमती हवी आणि संरक्षणाची व जाण्यायेण्याची सोय हॉटेलने करायला हवी. पनवेलहून महाप्याला अकराच्या शिफ्टसाठी यायला गाडी देणार आहात का, हे ऑफर देण्याआधी ठरवा, आणि देणार असाल तर जाहिरातीतच लिहा. रात्री एकच माणूस असतो हेही त्याच ओळीत लिहा. त्या एका ओळीने पुढच्या वेळी निम्मे बायोडाटे तुमच्या टेबलावर येण्याआधीच गाळले जातील.

निवड कोणाचीही होवो, पहिले दोन आठवडे सकाळची शिफ्ट द्या, कारण कंपनी बिलिंगच्या चुका सात ते साडेनऊच्या चेकआउटमध्येच उघड होतात. तिसऱ्या आठवड्यात दुपारची शिफ्ट, येणाऱ्यांची यादी बनवायला. चौथ्या आठवड्यात रात्र, पण पहिल्या चार रात्री जुन्या माणसाबरोबर. पाचव्या रात्री एकटं सोडा आणि सकाळी दरांची यादी करारांशी स्वतः मॅनेजरांनी ताडून पाहावी.